आयसीयू, एमएससी की सरळ परदेश?

ऐरोलीची मावसबहीण बीएससी नर्सिंग करून ठाण्यात आयसीयूला दोन वर्षं काढतेय, आता तिला कळत नाहीये पुढे काय. एजंट काय सांगतात ते सोडा, मी तीन गोष्टी बघते, वेळ, पैसा आणि हातातलं काम सुटतं का.

एमएससी दोन वर्षांची, त्यासाठी बीएससीनंतर एक वर्षाचा अनुभव लागतो. शिकवायचं असेल तर ही हवीच, पण त्या काळात पगार बंद, फी चालू, आणि मुख्य म्हणजे बेडसाइड सुटतं. नंतर गल्फला जायचं म्हटलं की ते अलीकडचा क्लिनिकल अनुभव बघतात, कागदपत्रं तपासणारी डेटाफ्लो कंपनी थेट जुन्या हॉस्पिटलकडून अनुभवपत्र तपासून घेते, तिथे गॅप लपत नाही.

क्रिटिकल केअरचा नर्स प्रॅक्टिशनर कोर्सही दोन वर्षांचाच, पण रेसिडेन्सी असल्यामुळे बहुतेक वेळ आयसीयूतच जातो, व्हेंटिलेटर, एबीजी, इनोट्रोप्स हातात राहतात. तोटा एवढाच की प्रत्येक हॉस्पिटलात त्या नावाची पोस्ट नसते, आधी विचारून घ्या.

यूकेला ओईटी किंवा आयईएल्ट्स ही इंग्रजीची परीक्षा, मग सीबीटी ही कॉम्प्युटरवरची, तिथे गेल्यावर ओस्की ही प्रॅक्टिकल. जर्मनीला बी२ पर्यंत भाषा, म्हणजे नाइट ड्युटी करून क्लास, सोपं नाहीये.

अ‍ॅडमिनची घाई नको, इन्चार्ज म्हणून रोस्टर, इंडेंट सांभाळल्याशिवाय तिकडे जमत नाही.

घरी कर्ज असेल तर नोकरी न सोडता ओईटी दे, ठाण्यातच राहून आयसीयूत वर चढायचं असेल तर प्रॅक्टिशनर कोर्स, आणि नाइट नकोच असतील, शिकवायची आवड असेल तर एमएससी.