बातमीखालच्या जाहिराती: काही महिने चालवल्यावर

बातमी संपते तिथे 'तुम्हाला हेही आवडेल' म्हणत जे चौकोन येतात, त्यात मी टॅबूला, आउटब्रेनसारख्या नेटवर्कमधून खुर्चीवर ठेवायच्या कंबरेच्या उशीची जाहिरात चालवतोय. पैसे क्लिकमागे जातात.

फोटोचं आधी सांगतो. पांढऱ्या पार्श्वभूमीवर ठेवलेली चकचकीत उशी कोणी ढुंकून बघत नाही, कारण ती लांबूनच जाहिरात दिसते. खुर्चीत बसलेला माणूस, त्याचा कंबरेवर टेकलेला हात, साध्या उजेडात जवळून काढलेला फोटो, हे चाललं. मुख्य गोष्ट फोटोच्या मधोमध हवी, कारण प्रत्येक साइट आपल्या मापाने कडा कापते. फोटोवर अक्षरं टाकू नका, मोबाइलवर ती मुंगीएवढी होतात.

मथळ्याचं गणित मात्र फसवं आहे. माझे दोन मथळे असे होते: 'दिवसभर बसून कंबर का दुखते?' आणि 'खुर्ची न बदलता कंबरेला आधार देणारी उशी'. पहिल्यावर क्लिक धो धो येतात, पण ती माणसं कारण वाचायला आलेली असतात. समोर उशी दिसली की परत फिरतात. दुसऱ्यावर क्लिक कमी, पण येणाऱ्याला आपण काय बघायला चाललोय ते ठाऊक असतं.

सोपे आकडे धरू. लाखभर वेळा दिसल्यावर पहिल्याला ३०० क्लिक मिळतात, दुसऱ्याला १२०. नेटवर्क जागा देताना ढोबळमानाने बोली गुणिले क्लिकचं प्रमाण बघतं, म्हणजे तीच जागा मिळवायला दुसऱ्याला अडीच पट बोली लावावी लागते. इथेच बरेचजण घाबरून पहिल्याकडे वळतात. पण पहिल्याला ऑर्डरमागे २०० क्लिक लागत असतील आणि दुसऱ्याला ४०, तर पहिल्याची ऑर्डर पडते २०० क्लिकच्या भावात आणि दुसऱ्याची ४० गुणिले अडीच, म्हणजे १०० च्या. महाग क्लिक, निम्म्यात ऑर्डर! म्हणून ऑर्डरची नोंद घेणारा कोड पानावर बसवल्याशिवाय मथळ्यांची तुलना करण्यात अर्थ नाही. डॅशबोर्डवर क्लिकचा आकडा ठळक दिसतो, आणि तो नेटवर्कच्या सोयीचा असतो.

जाहिरात शिळीही होते. बोली तीच, साइट त्याच, तरी क्लिकचं प्रमाण उतरत चाललं की लोकांच्या नजरेला फोटो सरावला असं समजायचं. मी मथळा तसाच ठेवून आधी फोटो बदलतो; दोन्ही एकदम बदलले तर फरक कशाने पडला ते कळत नाही.

सगळ्यात वैताग साइटनिहाय अहवालाचा. काही साइटवरून क्लिक भरपूर येतात, पण माणूस पानावर दोन-तीन सेकंदही थांबत नाही; बहुधा स्क्रोल करताना चुकून बोट लागलेलं असतं. तिथे मथळा कितीही घासूनपुसून लिहा, उपयोग शून्य. अशी साइट मी सरळ ब्लॉक करतो.