गिरवण्याचे तक्ते विकायला काढले आणि ‘ल’ने अडवलं: सहा महिन्यांनंतरचा अनुभव

परदेशातल्या मराठी मुलांसाठी मुळाक्षरं गिरवण्याचे तक्ते पीडीएफ करून विकायचे, म्हणून एका ऑनलाइन डिझाइन ॲपचं वर्षाचं सशुल्क सदस्यत्व घेतलं. पहिल्या महिन्यात विचारलं असतं तर डोळे मिटून घ्या म्हटलं असतं. चौकटी, रेघा, चित्रं सगळं झटपट होतं.

मग अमेरिकेत मराठी शाळा चालवणाऱ्या एका ताईंना नमुना पाठवला. त्यांचं उत्तर आलं, "हा ल आपला नाही." खरंच, ॲपमध्ये हिंदी वळणाचा दांडीचा ल उमटत होता आणि श सुद्धा तसाच. राज्य शासनाच्या 2009 च्या वर्णमालेत पाकळीचा ल आणि देठाचा श आहे. वाचायच्या मजकुरात हे खपून जाईल, पण मूल जे गिरवेल तेच त्याचं वळण होणार. गिरवण्याच्या तक्त्यात हा दोष मी क्षुल्लक मानत नाही.

दोन्ही वळणांचा युनिकोड संकेतांक एकच असतो. Noto Sans Devanagari सारख्या फॉन्टमध्ये दोन्ही आकृत्या असतात, पण मजकुराची भाषा मराठी आहे असं सॉफ्टवेअरने सांगितलं तरच पाकळीचा ल येतो. ॲपमध्ये ती सोयच नाही. मदत कक्षाने तीनदा "फॉन्ट बदलून पाहा" एवढंच कळवलं. पैसे भरून हे उत्तर!

शेवटी फुकटचं लिबरऑफिस उघडलं. मजकूर निवडायचा, Format → Character मध्ये फॉन्ट Noto Sans Devanagari ठेवून कॉम्प्लेक्स लिपीच्या खाली भाषा Marathi करायची, की ल बदलतो. पीडीएफ केल्यावर तो आकार कायम राहतो, कारण फॉन्ट फाइलीतच बसवला जातो. हा फॉन्ट खुल्या परवान्याचा असल्याने तक्ते विकायलाही अडचण नाही.

कागदाचं तेवढं सांभाळा. आपला ए4 297 मिलिमीटर उंच, अमेरिकेतला लेटर 279. ए4 ची फाइल तिकडे मूळ मापात छापली तर वरखाली मिळून 18 मिलिमीटर कापले जातात, म्हणजे शेवटची ओळच अर्धवट येते. म्हणून दोन्ही मापांच्या वेगळ्या फाइली केल्या. तक्ते विकायला ठेवले त्या एट्सी या ऑनलाइन बाजारात एका डिजिटल लिस्टिंगला पाच फाइली जोडता येतात, प्रत्येकी 20 एमबीपर्यंत, त्यामुळे दोन्ही एकाच लिस्टिंगमध्ये बसल्या. लिस्टिंगचे 0.20 डॉलर लागतात आणि ती चार महिने टिकते. ॲपच्या वर्गणीपुढे ही रक्कम काहीच नाही.

ॲप आता फक्त मुखपृष्ठाच्या चित्रापुरतं उरलंय. तेवढ्यासाठी वर्गणी पुन्हा भरणार नाही. लिस्टिंगच्या पहिल्या फोटोत मात्र मुखपृष्ठ नाही, ल चं पान मोठं करून लावलंय. मराठी आईबाप तेच आधी बघतील.