क्रिएटिनचे डबल स्कूप गेले: डोस कमी करायचा, थांबायचं, की डॉक्टर गाठायचा?

आधी डबा फिरवून लेबल वाचा, कारण पुढचं सगळं त्यावर ठरतं. घटकांत फक्त ‘क्रिएटिन मोनोहायड्रेट’ असेल तर काळजी बरीच कमी. डबा प्री-वर्कआउटचा असेल तर प्रश्न क्रिएटिनचा उरतच नाही, कॅफिनचा होतो. अशा पावडरीत एका स्कूपला 150 ते 300 मिलिग्रॅम कॅफिन सहज असतं. निरोगी प्रौढाने दिवसभरात साधारण 400 च्या आत राहावं, म्हणजे दोन स्कूपमध्येच मर्यादा ओलांडली जाऊ शकते, वर चहा-कॉफी वेगळी. धडधड, हात थरथरणं, झोप उडणं ही लक्षणं कॅफिनची. साध्या क्रिएटिनने ती होत नाहीत. छातीत दुखलं, ठोके अनियमित वाटले किंवा चक्कर येऊन पडलात, तर वाट न पाहता 108 ला फोन करा.

आता साधं क्रिएटिन. समजा 5 ग्रॅमचा स्कूप आहे आणि सहा दिवस सकाळी दोन स्कूप एकाच ग्लासात गेले. रोज 10 ग्रॅम, एकूण 60. ठरल्यापेक्षा 30 ग्रॅम जास्त. मुद्दाम लोडिंग करणारे रोज 20 ग्रॅम, चार भागांत, पाच ते सात दिवस घेतात. म्हणजे चुकून गेलेलं प्रमाण त्याच्या निम्मं आहे. स्नायूंत मावत नाही ते क्रिएटिन लघवीवाटे जातं. फरक एवढाच की लोडिंगवाले एका वेळी 5 ग्रॅम घेतात आणि इथे 10 ग्रॅम एकदम पोटात गेलं. आतड्यात न शोषलेलं क्रिएटिन पाणी ओढून घेतं, म्हणून पोट गुडगुडतं, मळमळतं, जुलाब होतात. वजन किलो-दीड किलो वाढलेलं दिसलं तर ते मुख्यतः पाणी असतं, चरबी नव्हे.

काहीच त्रास नसेल तर उद्यापासून 3 ते 5 ग्रॅमवर या. डोस टप्प्याटप्प्याने उतरवावा लागत नाही, आणि ‘जास्त गेलं ते भरून काढायला’ दिवस सोडायचीही गरज नाही. मूत्रपिंड ‘धुऊन काढायला’ पाच-सहा लिटर पाणी मात्र पिऊ नका. त्याने क्रिएटिन लवकर निघत नाही, उलट रक्तातलं सोडियम घसरण्याचा धोका वाढतो. तहानेप्रमाणे प्या.

पोट बिघडलं असेल तर थांबलेलं बरं. जुलाब थांबून एक-दोन दिवस नीट जेवण जाईपर्यंत क्रिएटिन बंद, जिमही बंद. ओआरएसचं पाकीट त्यावर लिहिलेल्या मापाच्या पाण्यातच मिसळा. थांबल्याने केलेली मेहनत वाया जात नाही, स्नायूंतला साठा ओसरायला चार ते सहा आठवडे लागतात. पुन्हा सुरू करताना 3 ग्रॅम, जेवणासोबत, भरपूर पाण्यात.

डॉक्टरकडे जाण्याची खूण म्हणजे लघवी कोऱ्या चहासारखी गडद होणं, फार कमी होणं, किंवा स्नायू सुजून असह्य दुखणं. हे बहुधा क्रिएटिनमुळे नसतं. अतिव्यायामाने स्नायू तुटून त्यातले घटक रक्तात उतरल्याचं असू शकतं, आणि ते मूत्रपिंडाला खरंच इजा करतं. त्याच दिवशी जा, सीपीके ही स्नायूंची इजा दाखवणारी रक्ततपासणी करायला सांगतील. सूज, सतत उलट्या किंवा 24 तासांहून जास्त जुलाब असतील तरीही जा. मूत्रपिंडाचा आजार, एकच मूत्रपिंड, गरोदरपण, किंवा रक्तदाबाची आणि लघवी वाढवणारी औषधं चालू असतील, तर लक्षण नसतानाही क्रिएटिन थांबवून विचारा. अंगदुखीवर आयबुप्रोफेन किंवा डायक्लोफिनॅक मनाने घेऊ नका. पाणी कमी झालेल्या शरीरात त्या गोळ्या मूत्रपिंडावर ताण आणतात.

सर्वांत जास्त घाबरगुंडी उडते ती रक्ताच्या रिपोर्टने. शरीरात क्रिएटिनचंच क्रिएटिनिन बनतं, त्यामुळे क्रिएटिनिन 1.3–1.4 दाखवलं आणि त्यावरून काढलेला ईजीएफआर, म्हणजे मूत्रपिंडाच्या गाळण्याच्या वेगाचा अंदाज, घसरला, म्हणून मूत्रपिंड बिघडलंच असं होत नाही. पण ‘क्रिएटिनमुळेच असेल’ असं स्वतःच ठरवूनही मोकळे होऊ नका. डॉक्टरांना रोजचे ग्रॅम आणि किती दिवस ते सांगा. ते बहुधा दोनेक आठवडे क्रिएटिन बंद ठेवून पुन्हा तपासायला सांगतील; त्याआधीचे दोन दिवस जड व्यायाम नको, आदल्या रात्री मटणावर ताव नको. लवकर उत्तर हवं असेल तर सिस्टॅटिन सी ही चाचणी विचारा, तिच्यावर क्रिएटिनचा असा परिणाम होत नाही. सोबत लघवीतल्या प्रथिनांची तपासणी झाली तर चित्र आणखी स्पष्ट होतं.

चूक बहुतेकदा स्कूपमुळेच होते. नवीन डब्यातला स्कूप 3 ग्रॅमचा की 5 चा हे न पाहता जुनी सवय चालू राहते, आणि शिगोशीग भरलेल्या किंवा दाबलेल्या पावडरीचं वजन सपाट स्कूपपेक्षा बरंच जास्त भरतं. स्वयंपाकघरातल्या डिजिटल काट्यावर एकदा सपाट स्कूप मोजून तो आकडा डब्यावर मार्करने लिहा.