कुलूप, डाव मोजणे की ‘शेवटची सुरुवात’: घरातला गेम थांबवण्याच्या तीन पद्धती

पालकहो, शाळेत गेमिंग क्लब घेतो म्हणून मला हमखास विचारलं जातं, “सर, किती वेळ खेळू द्यायचं?” त्याचं उत्तर प्रत्येक घराचं वेगळं. झोप, अभ्यास आणि मैदान यांतून जे उरतं, तेवढं. मी आज पुढच्या प्रश्नावर बोलणार आहे. ठरलेला वेळ संपला हे कुणी सांगायचं आणि नेमकं कोणत्या क्षणी? घरातली भांडणं बहुतेक त्या शेवटच्या पाच मिनिटांतच होतात.

तुमच्याशी बोलताना मला तीन पद्धती दिसल्या. काही घरं यंत्रालाच कुलूप लावतात. काही “आज चार डाव” असं मोजतात. थोडी घरं, आणि आता माझंही, शेवटचा डाव कधी सुरू करायचा ते ठरवून देतात.

आधी कुलूप. निन्टेन्डो स्विच, प्लेस्टेशन, एक्सबॉक्स या सगळ्यांत वेळमर्यादेची सोय आहे. अँड्रॉइड फोनला फॅमिली लिंक आहे. एकदा लावलं की तुम्ही स्वयंपाकघरात असा, ऑफिसात असा, मर्यादा पाळली जाते. लहान मुलांसाठी मला हीच पद्धत बरी वाटते, कारण आईबाबांच्या मूडवर काही अवलंबून राहत नाही. पण सेटिंग नीट वाचा. प्लेस्टेशनवर वेळ संपल्यावर काय व्हावं याचे दोन पर्याय आहेत: Notify Only निवडलंत तर नुसती सूचना येते आणि खेळ चालूच राहतो. स्विचच्या अ‍ॅपमध्येही Suspend Software चालू केल्याशिवाय खेळ बंद होत नाही. “मर्यादा लावली पण उपयोग नाही” अशी तक्रार आली की मी आधी हेच बघायला सांगतो. आणखी एक खाचखळगा म्हणजे स्विचवरची वेळमर्यादा त्या यंत्राला लागते, मुलाला नाही. दोन भावंडं असतील तर एक तास दोघांत वाटला जातो, आणि भांडण सुरू.

कुलपाची खरी अडचण वेगळीच आहे. गेममध्ये काय चाललंय ते त्याला कळत नाही. ‘रॉकेट लीग’ घ्या, मोटारींनी खेळायचा फुटबॉल. सामना पाच मिनिटांचा, पण गोल झाला की घड्याळ थांबतं. बरोबरी झाली तर जादा वेळ मिळतो आणि तो कुणीतरी गोल करेपर्यंत चालतो. त्यामुळे पाच मिनिटांचा सामना सहज सात-आठ मिनिटं घेतो, कधी त्याहून जास्त. क्रमवारीच्या सामन्यात मध्येच बाहेर पडलं तर जोडीदार एकटा पडतो आणि सोडून जाणाऱ्याला काही काळ नवा सामना मिळत नाही. पुन्हा पुन्हा झालं तर ती बंदी वाढत जाते. माझ्या मुलाच्या बाबतीत हे मी स्वतः करून ठेवलं. बरोबर सात वाजता कुलूप पडेल अशी वेळ लावली होती आणि सामना बरोबरीत होता. तो रडला ते खेळ बंद झाला म्हणून असं मला वाटलं. तो म्हणाला, “बाबा, आर्यनला मी मध्येच सोडून आलो.” त्याचं बरोबर होतं. संघाला अर्ध्यावर सोडू नये हे मीच त्याला मैदानावर शिकवलं होतं.

मग डाव मोजावेत का? रॉकेट लीगमध्ये ते छान जमतं, कारण सगळे सामने साधारण सारखेच लांब असतात. चार सामने म्हणजे अर्ध्या तासाच्या आसपास. पण ‘फोर्टनाइट’सारख्या बॅटल रॉयलमध्ये हे गणित कोसळतं. तिथे शंभर जण एकदम उतरतात आणि शेवटी टिकेल तो जिंकतो. दुसऱ्याच मिनिटाला बाद झालात तर डाव संपला, टिकलात तर वीस मिनिटं किंवा अधिक. म्हणजे तीन डाव कधी दहा मिनिटांत आटोपतात, कधी तास घेतात. मुलं हे लगेच ओळखतात. “हा धरायचा नाही, मी उतरताच गेलो” अशी घासाघीस सुरू झाली की ही पद्धत संपली असं समजा.

तिसरी पद्धत मी एका उदाहरणानं मांडतो. समजा खेळायची वेळ सहा ते सात, आणि सव्वासातला जेवण. तीन संध्याकाळी मुलाशेजारी बसा. जोडीदार शोधायला सुरुवात केल्यापासून निकालाचा पडदा येईपर्यंत किती मिनिटं गेली ते कागदावर लिहा. त्यातला सगळ्यात लांब आकडा घ्या, सरासरी नको. रॉकेट लीगसाठी तो दहा आला, तर सहा पन्नासनंतर नवा सामना सुरू करायचा नाही. सुरू असलेला मात्र शांतपणे पूर्ण करायचा. बॅटल रॉयलचा आकडा पंचवीस आला, तर शेवटची सुरुवात सहा पस्तीसला. सहा चाळीसलाच बाद झाला तर उरलेला वेळ नेमबाजीच्या सरावाला किंवा दुसऱ्या छोट्या खेळाला वापरावा, नवा डाव नाही. कुलूप काढू नका, फक्त मागे सरकवा: तासाऐवजी सव्वा तासाला लावा. ते कुंपण म्हणून राहील, रोज त्याला धडकायची वेळ येणार नाही.

पद्धत बसली की नाही हे आठवड्यात कळतं. सव्वा तासाच्या कुलपानं एकदा चालू सामना तोडला तर तो योगायोग. दोन-तीनदा तोडला तर तुमचा सगळ्यात लांब आकडा कमी धरलाय, शेवटची सुरुवात दहा मिनिटं अलीकडे घ्या. मूल सहा एकोणपन्नासला घाईघाईनं बटण दाबत असेल तर ते नियमात बसतं, त्यावर चिडू नका.

‘माइनक्राफ्ट’सारख्या खेळात डावच नसतो, त्यामुळे तिथे साधं घड्याळच बरं. खेळातला दिवस-रात्रीचा पूर्ण फेरा वीस मिनिटांचा असतो, म्हणून एक आई “तीन दिवस खेळ” असं सांगायच्या. पण पलंगावर झोपलं की रात्र उडून जाते, त्यामुळे तीन दिवस तासाच्या खूप आधीच संपत आणि लेक वैतागे. त्याऐवजी दहा मिनिटं आधी सांगा: सामान पेटीत ठेव, पलंगापर्यंत पोच. एकट्यानं खेळायचं जग आपोआप जतन होतं, बुडत काहीच नाही.

प्लेस्टेशन, एक्सबॉक्सवरचं कुलूप नीट चालायला मूल स्वतःच्या बाल-खात्यावर खेळायला हवं, खऱ्या जन्मतारखेसह. बाबांच्या खात्यावर खेळणारा मूल त्या यंत्राच्या लेखी चाळिशीचा पुरुष असतो. गप्पा, खरेदी सगळं उघडं. फोर्टनाइट आणि रॉकेट लीग चालवणाऱ्या एपिक गेम्सच्या खात्यात तेरा वर्षांखालच्या मुलांना पालकांनी परवानगी देईपर्यंत गप्पा आणि खरेदी बंद राहते. आवाजी गप्पा उघडायच्याच असतील तर फक्त मित्रांपुरत्या उघडा. आणि पिन म्हणून घरातल्या कुणाची जन्मतारीख ठेवू नका, मुलं पहिल्यांदा तीच टाकून बघतात.

जादा वेळ मागायची सोय एक्सबॉक्सवरही आहे आणि आयफोनवरही. मागणी आईच्या फोनवर जाणार की बाबांच्या, ते आधीच ठरवा. दोघांच्याही फोनवर गेली तर जो मीटिंगमध्ये असेल तो न वाचता ‘हो’ म्हणून मोकळा होतो.