रोजची लाल ठिपक्याची पुडी की आठवड्यातून दोनदा उचलली जाणारी पिवळी पिशवी?

आईच्या अखेरच्या चौदा महिन्यांत पुण्यातील आमच्या घरी दररोज चार डायपर, दोन अंडरपॅड आणि माकडहाडावरील जखमेच्या ड्रेसिंगचे भिजलेले गॉझ एवढा कचरा निघत असे. रात्रभर वापरलेल्या एका डायपरचे वजन आमच्या स्वयंपाकघरातील काट्यावर किलोच्या जवळपास भरले होते. त्यामुळे हा कचरा पिशवीत घालून कोपऱ्यात ठेवण्याजोगा नाही, हे पहिल्याच आठवड्यात कळले. आमच्यापुढे दोन मार्ग होते. एक म्हणजे दारोदार कचरा गोळा करणाऱ्या ताईंकडे तो रोज वेगळा बांधून, पुडीवर लाल ठिपका काढून देणे आणि दुसरा म्हणजे वैद्यकीय कचरा नेणाऱ्या खासगी सेवेकडून पिवळ्या पिशव्या घेऊन आठवड्यातून दोनदा तो उचलायला लावणे. दोन्ही मार्ग मी काही महिने वापरून पाहिले.

पिवळ्या पिशवीची बाजू कागदावर निश्चितच भक्कम आहे. ती पिशवी सामायिक जैववैद्यकीय प्रक्रिया केंद्रात जाते आणि तेथील भट्टीच्या दुसऱ्या कक्षात सुमारे १०५० अंश सेल्सिअस तापमान राखावे लागते. सोसायट्यांमध्ये बसवलेल्या सॅनिटरी नॅपकिन जाळणाऱ्या छोट्या यंत्रांकडून मला ती अपेक्षा करता आली नाही. ओला, जाड डायपर त्यांत नीट जळत नाही, नुसता धुमसतो. शिवाय पिवळ्या पिशवीतला कचरा कोणालाही हाताने पुन्हा वेगळा करावा लागत नाही, आणि हा फायदा मला आजही मोठा वाटतो.

माझे मन फिरले ते साठवणुकीमुळे. सोमवारी आणि गुरुवारी येणारी गाडी मे महिन्यात एकदा चुकली आणि सात दिवसांचा कचरा बाल्कनीत झाकणाच्या डब्यात राहिला. वास येणार हे गृहीतच होते. पण गाठ मारलेल्या पिशवीच्या तोंडाशी अळ्या दिसल्या, तेव्हा मी खऱ्या अर्थाने घाबरलो. उष्ण हवेत घरमाशीची अंडी एका दिवसाच्या आत फुटू शकतात, आणि त्याच घरात, भिंतीपलीकडे, आईची जखम दिवसातून एकदा उघडी केली जात होती. अंथरुणाला खिळलेल्या रुग्णाच्या जखमेत माशांनी अंडी घातल्याची उदाहरणे ड्रेसिंगसाठी येणाऱ्या परिचारिकेने पाहिलेली होती. कचरा कोठे जाळला जातो यापेक्षा तो घरात किती तास राहतो, हा प्रश्न त्या दिवसापासून माझ्यासाठी निर्णायक ठरला.

रोज देण्याच्या मार्गात मेहनत अधिक आहे, हे मान्य करायला हवे. डायपरमधील मळ आधी शौचकूपात टाकावा लागतो, मग डायपर आतल्या बाजूने घट्ट गुंडाळून त्याच्याच चिकटपट्ट्यांनी बंद करावा लागतो आणि त्यावर रद्दीचे दोन थर लावून पेनने मोठा लाल ठिपका काढावा लागतो. मात्र गुंडाळताना तो फार दाबू नये. आतील जेलमधले पाणी दाबाने बाहेर येऊन कागद फाटतो, आणि हे मी दोन वेळा अनुभवले आहे. वास मारण्यासाठी त्यावर ब्लीच ओतण्याचा मोहही टाळावा, कारण लघवीतील अमोनियाशी त्याचा संयोग होऊन घातक वायू सुटतो. गॉझसाठी परिचारिकेने शिकवलेली पद्धत सर्वांत सोपी आहे: जुने ड्रेसिंग हातमोज्यातील मुठीत धरायचे आणि मोजा त्यावरूनच उलटा काढायचा. मग ते सारे लहान पिशवीत बांधून त्यावरही ठिपका काढायचा.

आमच्याकडे येणाऱ्या ताई एकदा म्हणाल्या होत्या, “दादा, ठिपका दिसला की हात लावायच्या आधीच कळतं.” तरीही पुडी उचलणारे हात त्यांचेच असतात, ही बोचणी माझ्या मनातून गेली नाही. म्हणूनच त्यांच्यासाठी जाड रबरी मोजे आम्ही घेऊन दिले आणि इन्सुलिनच्या सुया या पुड्यांत कधीही जाऊ दिल्या नाहीत. सुया फिनेलच्या जाड, झाकणाच्या बाटलीत टोपण न लावता टाकायच्या आणि बाटली तीन-चतुर्थांश भरली की परिचारिकेच्या रुग्णालयात तेथील परवानगीने द्यायची, असा आमचा क्रम होता.

घरगुती वैद्यकीय कचरा वेगळ्या पिशवीत पालिकेच्या कचरावेचकांकडे द्यावा आणि पालिकेने तो प्रक्रिया केंद्राकडे पोहोचवण्याची व्यवस्था करावी, असे २०१६ च्या जैववैद्यकीय कचरा नियमांतच म्हटलेले आहे, त्यामुळे रोजची पुडी ही काही पळवाट नव्हे. अर्थात, जेथे कचरा गोळा करणारे एक दिवसाआड येतात किंवा वेगळी दिलेली पुडी डोळ्यांदेखत ओल्या कचऱ्यात मिसळली जाते, तेथे माझा कौल कदाचित उलटा पडेल. जखमेत औषधांना दाद न देणारा जंतुसंसर्ग असल्याचे डॉक्टरांनी सांगितले असेल, तर निदान ड्रेसिंगपुरती तरी पिवळी पिशवी घ्यावी. डायपरसाठी मात्र, सकाळी नऊपर्यंत कचरा घराबाहेर जात असेल, तर मी पुन्हा लाल ठिपकाच निवडीन.