अडतीस हजारांची पेटी, पावतीवर मात्र दोन हजार

हे लिहायला मला दोन महिने लागले, कारण सांगताना लाज वाटते. मी खात्यात तीस वर्षं हिशेब तपासले. दुसऱ्यांच्या पावत्यांवरच्या खाडाखोडी काढल्या. आणि माझ्याच हातातली पावती मी न वाचता घडी घालून खिशात ठेवली. तरीही लिहितो आहे, कारण पेट्या, तबले, शिलाई मशिनं, देवाच्या समया कुरिअरने मुलांकडे पाठवणारे आपल्या डिचोली तालुक्यातच कितीतरी आहेत.

मुलगी पुण्याला शिकायला गेली. तिची पेटी, म्हणजे संवादिनी, घरी राहिली होती. साडेतीन सप्तकांची, दोन सुरांची, बिलासकट ३८,००० रुपयांची. चतुर्थीच्या आरतीला आणि सप्ताहाला आमच्या घरात तीच वाजायची. बसने नेली असती तर बरं झालं असतं, पण जूनचा पाऊस आणि माझी कंबर. म्हणून १४ जूनला म्हापशाला एका मोठ्या कुरिअर कंपनीच्या कार्यालयात ती घेऊन गेलो. कंपनीचं नाव इथे घालत नाही, प्रकरण ग्राहक आयोगापुढे आहे.

काउंटरवरचा मुलगा गोड बोलणारा. मी म्हटलं, "सांभाळून जायला हवी, लाकडी आहे, आत सूर आहेत." तो म्हणाला, "काका, भिवपाची गरज ना. आम्ही पॅक करतो, विमाही करतो." वाहतूक १,४८० रुपये, पॅकिंग ३५० आणि किमतीच्या दोन टक्क्यांनी विमा ७६०. एकूण २,५९०. दर ऐकून मला हायसंच वाटलं. विमा फुकट म्हणाला असता तर शंका आली असती, पैसे मागतोय म्हणजे खरंच करतोय असं वाटलं.

आता तो क्षण. १,८३० रुपये मी काउंटरवरच्या कोडवर भरले. विम्यासाठी त्याने स्वतःचा मोबाईल पुढे केला, "विम्याचं वेगळं खातं असतं" म्हणून. मी कोड स्कॅन केला. पडद्यावर कंपनीचं नाव आलं नाही, एका माणसाचं नाव आलं. मी ते नाव वाचलं. वाचलं, आणि पिन दाबला. मागे चार माणसं उभी होती, बाहेर पाऊस कोसळत होता, पेटी त्यांनी आधीच आत नेली होती. ही कारणं मी स्वतःला रोज सांगतो, पण एका सेकंदापुरतं मला कळलं होतं आणि मी ते गिळलं, हे खरं आहे. पैसे कंपनीच्या खात्यात जात नसतील तर तो कंपनीचा विमा नव्हे. तिथेच हात मागे घ्या.

पावती घरी येऊन पाहिली असती तरी चाललं असतं, तेव्हा अजून फोन करता आला असता. मी ती पाहिली पाच दिवसांनी. मालाची जाहीर किंमत: २,०००. विमा: रकाना रिकामा. जोखीम: 'ओनर्स रिस्क'वर खूण, म्हणजे वाटेत काही झालं तर मालकाचं नशीब. शेजारी 'कॅरिअर्स रिस्क' असाही चौकोन होता, तो कोरा. खाली माझी सही. किंमत मी ३८,००० सांगितली होती, बिलही दाखवलं होतं. त्यावर तो म्हणाला होता, "मोठी किंमत घातली की जीएसटीवाले वाटेत अडवतात, ई-वे बिल लागतं, ते मी बघतो." हे धादांत खोटं. राज्याबाहेर जाणाऱ्या मालाला ई-वे बिलाची मर्यादा ५०,००० रुपयांची आहे, आणि वापरलेल्या घरगुती सामानाला तर त्यातून सूट आहे. मला हे तेव्हा माहीत नव्हतं. किती लोकांना माहीत असतं?

१९ जूनला संध्याकाळी पुण्यात पेटी पोचली. वरून पाऊस पडतोय म्हणून डिलिव्हरीवाला घाईत. त्याने आधी ओटीपी मागितला, मग खोका खाली ठेवला. मुलीने ओटीपी दिला, आणि त्याच्या यंत्रावर 'माल सुस्थितीत मिळाला' अशी नोंद झाली. तिच्यावर मी रागावलो नाही, मी तरी काय वेगळं केलं असतं? पण तुम्ही करा. आधी खोक्याच्या सहाही बाजूंचे फोटो, मग ओटीपी. कागदावर सही मागितली तर सहीच्या वरच लिहा, 'खोक्याचा कोपरा चेपलेला, आत न तपासता घेतला.'

खोक्याचा एक कोपरा मुठीएवढा आत गेला होता. आत थर्माकोलच्या दोन पातळ पट्ट्या आणि तपकिरी चिकटपट्टी, बस्स. ३५० रुपयांचं पॅकिंग ते. मुलीने व्हिडिओ कॉलवर पेटी उघडून दाखवली. भात्याची घडी एका कडेला फाटलेली, हाताने दाबला की हवा सूरांकडे न जाता तिथूनच फुसकन बाहेर. पांढरी पाचची पट्टी वर उचललेली. तिने काळी चार दाबली तर दोन सूर एकदम बोलले, एक आपला आणि एक शेजारचा, न थांबता. आतली सुरांची फळी तडकली की हवा चुकीच्या घरात शिरते, ते मला आवाजावरूनच कळलं. ती फोनवर रडत होती आणि तो एक सूर चालूच होता.

पुण्यातल्या पेटी बनवणाऱ्या कारागिराकडून लेखी अंदाज घेतला. नवा भाता ४,२००, सुरांची फळी जोडून बसवणं ३,८००, पट्ट्या आणि सूर लावणं २,४००. एकूण १०,४००. त्याच्याकडून 'हे नुकसान वरून आदळल्यामुळे झालेलं आहे, जुनेपणामुळे नाही' अशी ओळ मुद्दाम लिहून घेतली. ही ओळ विसरू नका, नाहीतर कंपनी म्हणते वस्तू आधीच खराब होती.

२० जूनला फोटो, पावती, बिल जोडून ईमेल केला. २७ला उत्तर आलं. माल ओनर्स रिस्कवर होता, पॅकिंग अपुरं होतं, माल सुस्थितीत मिळाल्याची नोंद आहे, तरीही सद्भावना म्हणून ५०० रुपये देऊ. पॅकिंग अपुरं! पॅकिंग त्यांनीच केलं, त्याचे ३५० रुपये त्यांच्याच पावतीवर छापलेले आहेत. म्हापशाच्या कार्यालयात गेलो तर तो मुलगा "सोडून गेला". व्यवस्थापक म्हणाला, त्याने वैयक्तिक घेतलेल्या पैशांशी आमचा संबंध नाही. तुमच्या काउंटरवर बसून, तुमच्या गणवेशात घेतले, तरी संबंध नाही?

पोलिसांकडे गेलो. हवालदाराने अर्धा कागद वाचला आणि म्हणाला, "हे ग्राहक कोर्टाचं." मी म्हटलं, सामानाचं असेल, पण विमा करतो सांगून ७६० रुपये स्वतःच्या खात्यात घेणं ही फसवणूक नाही? "सातशे साठसाठी?" त्याने विचारलं. रोज दहा जणांकडून सातशे साठ घेत असेल तर महिन्याचा हिशेब करा, असं मी सांगत राहिलो, तो जेवायला उठून गेला. तक्रार घेतली नाही, पोच दिली नाही. दुसऱ्या दिवशी गेलो तर साहेब बंदोबस्तात. तिसऱ्या दिवशी तेच. सरकारी मदत क्रमांकावर तक्रार नोंदवली. त्यांनी ती कंपनीकडे पाठवली, कंपनीने तेच ५०० रुपयांचं उत्तर चिकटवलं, आणि मला संदेश आला की तक्रार 'निकाली' निघाली. कोणाच्या दृष्टीने निकाली? मला एक फोनसुद्धा आला नाही. आपण कर भरतो, रांगेत उभे राहतो, आणि लुटलं गेल्यावर प्रत्येक टेबल पुढच्या टेबलाकडे बोट दाखवतं.

शेवटी डिचोलीच्या एका ओळखीच्या वकिलांनी अर्धा तास बसवून समजावलं. कुरिअर कंपनीलाही २००७चा रस्ते वाहतूक कायदा लागू होतो. त्यात दावा करण्याआधी लेखी नोटीस द्यावी लागते, आणि तीही बुकिंगच्या तारखेपासून १८० दिवसांत, डिलिव्हरीच्या तारखेपासून नव्हे. माझ्या बाबतीत ती मुदत ११ डिसेंबर. कस्टमर केअरशी बोलण्यात ती निघून गेली तर दाव्याचा पायाच जातो.

आणि त्या २,०००ची खरी किंमत तेव्हा कळली. २०११च्या नियमांप्रमाणे जास्तीची जोखीम जाहीर केली नसेल तर भरपाई भाड्याच्या दहा पटीपर्यंतच, पण जाहीर किमतीपेक्षा जास्त नाही. माझं भाडं १,४८०, दहा पट १४,८००. पावतीवर ३८,००० असते तर दुरुस्तीचे १०,४०० त्यात आरामात बसले असते. २,००० लिहिल्यामुळे कंपनी म्हणते, दोन हजारांच्या वर नाही. शिवाय सही केलेल्या पावतीवरची मर्यादा ग्राहकाला बांधते, असा सर्वोच्च न्यायालयाचा १९९६चा निकाल आहे, तोही ते पुढे करणार. आमचं म्हणणं असं की बिल पाहूनही किंमत त्यांच्याच माणसाने खोटी घातली आणि विम्याचे पैसेही घेतले. त्याला पुरावा काय? तोंडचा शब्द नाही, ७६०चा यूपीआय व्यवहार. बुकिंगची वेळ ११:४२, व्यवहाराची ११:४४. तो स्क्रीनशॉट मी पुसला नव्हता, एवढं एकच शहाणपण माझ्या हातून झालं.

८ जुलैला मुख्य कार्यालय आणि म्हापसा शाखा, दोन्हीकडे स्पीड पोस्टने नोटीस पाठवली, पोच जपून ठेवली. मागणी अशी लिहिली: दुरुस्ती १०,४००, परत करायचं भाडं आणि पॅकिंग १,८३०, विम्याच्या नावाने घेतलेले ७६०, मनस्तापाचे १०,०००, खर्चाचे ५,०००. एकूण २७,९९०. वकील म्हणाले, मनस्तापाचा आकडा फुगवू नका, पेटीच्या नुकसानाचा कागद भक्कम आहे त्यावर भर द्या. उत्तर आलं नाही, म्हणून पर्वरीच्या जिल्हा ग्राहक आयोगात तक्रार दाखल केली. कंपनीचं मुख्य कार्यालय कुठेही असो, आपण राहतो त्या जिल्ह्यात तक्रार करता येते, आणि माझ्याएवढ्या रकमेला फी लागत नाही. मुदत दोन वर्षांची. वकील न लावताही चालतं, पण कागद क्रमाने लावून द्या.

मुलीने पेटी दुरुस्त करून घेतली, पैसे मी पाठवले. काळी चार अजून किंचित बसका बोलते, कारागीर म्हणाला लाकूड ओलं झालं होतं, थंडीत परत बघू. पुढच्या तारखेला कंपनीचा वकील यायचा आहे. मी पावती, बिल, अंदाजपत्रक, स्क्रीनशॉट आणि खोक्याचा तो चेपलेला कोपरा कापून एका पिशवीत ठेवला आहे.