ऑडॅसिटीत गाण्याची लांबी व्हिडिओला जुळवणे: अनेक महिन्यांच्या वापरानंतर

संगीत व्हिडिओपेक्षा लांब असेल, तर शेवटी फेड आऊट करून मोकळे होणारे बरेच असतात. गाण्याचा खरा शेवट मात्र त्यात हरवतो. सुरुवात आणि शेवट राखून मधला भाग काढायचा असेल, तर ऑडॅसिटी हे ध्वनिसंपादनाचं सॉफ्टवेअर ते काम चोख करतं. गणित मात्र आपलं आपणच करावं लागतं.

समजा, ट्रॅक 160 सेकंदांचा आहे, लय 120 बीपीएम, म्हणजे मिनिटाला 120 मात्रा, आणि चार मात्रांचा बार. म्हणजे एक बार 2 सेकंदांचा आणि एकूण 80 बार. व्हिडिओ 90 सेकंदांचा. हिशेबाने 35 बार काढायला हवेत, पण बहुतेक संगीत आठ-आठ बारच्या ओळींत चालतं. 35 बार काढले तर ठेका जुळतो, ओळ मात्र अर्धवट तुटते आणि कान लगेच अडखळतो. म्हणून 24व्या बारनंतर थेट 57व्यावर यायचं. 32 बार गेले, 96 सेकंद उरले. सुरुवातीच्या आठ बारमध्ये चार बारचा तुकडा दोनदा वाजत असेल, तर त्यातला एक काढा. आता 88. उरलेले 2 सेकंद पहिल्या दृश्याचा नुसता आवाज ठेवून संगीत उशिरा सुरू करा.

टेम्पो भरून टाइमलाइनच्या पट्टीवर राइट-क्लिक करून `Beats and Measures` निवडलं की बार दिसतात. आधी पहिली मात्रा बारच्या रेषेवर आणा. एमपी3 फाइलच्या सुरुवातीला बारीकशी शांतता असते, त्यामुळे सगळ्या रेषा किंचित चुकतात. शक्य असेल तर वॅव्ह फाइलच घ्या.

कापायचं समेच्या अगदी आधी. पुढच्या ठोक्याचा जोर जोड झाकतो. दोन भाग वेगळ्या ट्रॅकवर ठेवून जोडाभोवती 20 मिलिसेकंदांपर्यंत एकमेकांवर आणा आणि `Crossfade Tracks` लावा, म्हणजे पहिला आवाज विरत जातो आणि दुसरा चढत येतो. एवढ्याने ‘टक्’ जातं. क्रॉसफेड खूप लांबवला की एकाऐवजी दोन ठोके ऐकू येतात. दोन्ही बाजूंचा आवाज वेगळा असेल, तर `Constant Power 1`. तोच नमुना तंतोतंत पुन्हा येत असेल, तर `Constant Gain`, नाहीतर जोडावर आवाज फुगतो.

तरीही खटकलं, तर दोष बहुधा झांजेच्या लांबत जाणाऱ्या आवाजात किंवा बेसच्या सुरात असतो. 24व्या बारच्या शेवटी झांज घुमत असेल आणि 57व्यात ती नसेल, तर ती मध्येच गिळल्यासारखी वाटते. फेडने हे सुधारत नाही. दोन्ही टोकं एकेक ओळ पुढे सरकवून पाहा. काढलेले बार तेवढेच राहतात.

तपासताना जोडाच्या दहा सेकंद आधीपासून, हेडफोन लावून, पडद्याकडे न बघता ऐका. लाटांमधला जोड दिसत राहिला की तो कानांनाही ऐकू येऊ लागतो.

मेट्रोनोमच्या क्लिकशिवाय वाजवलेल्या संगीतात लय पुढेमागे होते, तिथे या रेषा निरुपयोगी. प्रत्येक ठोका कानाने शोधावा लागतो. आणि गायन असेल, तर शब्दांच्या आणि श्वासाच्या मध्ये जागा सापडेलच असं नाही.